दुसरी गाडी घ्यावी की भाड्यानेच चालवावं? इंदूरच्या छोट्या कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या पाच-पंचवीस छोट्या कारखान्यांचे हिशेब मी बघतो. दिवाळीची गडबड संपली की दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच. खाली एकच प्रकरण सगळीकडे वापरलं आहे. पालद्यात शेव-चिवड्याचा कारखाना चालवणारे एक काका-काकू आहेत. त्यांची पहिली गाडी सियागंज, राजवाडा, छावणी असा शहरातला माल पोचवते. सांवेरवरून उज्जैनला जाणारा माल मात्र भाड्याच्या छोट्या हत्तीने जातो. त्या फेरीसाठी स्वतःची दुसरी गाडी घ्यायची का, एवढाच प्रश्न.

भाडं दिवसाला २,४०० रुपये जातं. वर्षाचे सात लाखांच्या आसपास होतात. तेवढ्यात तर गाडीच येते! मग यात विचार करण्यासारखं काय आहे?

काकांचं पहिलं वाक्य हेच होतं. पण भाड्याच्या २,४०० रुपयांत गाडी, ड्रायव्हर, डिझेल, टायर, विमा आणि बिघाडाची डोकेदुखी सगळं आलं. स्वतःची गाडी घेतली तरी यातल्या बऱ्याच गोष्टींचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे भाडं पूर्ण वाचत नाही, भाडं आणि स्वतःचा खर्च यांतला फरक तेवढा वाचतो.

तो फरक असा काढला. पालदा ते उज्जैन, तिथली दुकानं आणि परत, मिळून साधारण १३० किलोमीटर. लिटरला १६ किलोमीटर आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर दिवसाला ७५० रुपये. टायर, ऑइल, किरकोळ दुरुस्ती यांचे दिवसाला १५० ठेवले. म्हणजे गाडी जितके दिवस धावेल, त्या प्रत्येक दिवशी २,४०० मधून ९०० गेले आणि १,५०० वाचले.

आता गाडी धावो वा न धावो, जो खर्च होणारच तो. ड्रायव्हरचा पगार महिना १५,०००, दिवाळीला एक पगार जास्तीचा, म्हणून वर्षाचे १,९५,०००. विमा, फिटनेस, पीयूसी वगैरे मिळून ४५,०००. एकूण २,४०,०००. पहिले १६० दिवस गाडी नुसता हा खर्च भरून काढण्यासाठी धावते. बचत सुरू होते १६१ व्या दिवसापासून.

वर्षाला किती दिवस धरायचे?

सगळा निकाल या एका आकड्यावर लागतो आणि नेमका हाच आकडा लोक अंदाजाने सांगतात. काका म्हणाले, "तीनशे." काकूंनी भाड्याच्या पावत्या मोजल्या, तर गेल्या बारा महिन्यांत २८० भरल्या.

पण २८० दिवस माल गेला म्हणजे स्वतःची गाडी २८० दिवस जाईल असं नाही. ती सर्व्हिसिंगला जाईल, ड्रायव्हर गावी जाईल. असे १२ दिवस धरले. त्या दिवशी पुन्हा भाड्याचीच गाडी बोलवावी लागणार, म्हणजे बचत शून्य. उरले २६८.

उज्जैनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. महाकालाच्या सवारीच्या सोमवारी शहरात माल घेऊन शिरणं कठीण. आपल्याकडचा श्रावण आणि इथला सावन यांत पंधरा दिवसांचं अंतर, शिवाय सवारी भाद्रपदातही निघते. त्यामुळे घरच्या कालनिर्णयावर हे सोमवार मोजू नका, उज्जैनच्या दुकानदाराला विचारा. भाड्याच्या गाडीला त्या दिवशी 'नको' म्हटलं की झालं. स्वतःच्या ड्रायव्हरचा पगार मात्र चालूच. काकांच्या २८० पावत्यांत हे सोमवार आधीच वगळलेले होते, म्हणून पुन्हा वजा केले नाहीत.

परतफेडीचा काळ कसा काढायचा?

गुंतवलेली रक्कम भागिले वर्षाची बचत. २६८ दिवसांना १,५०० ने गुणलं की ४,०२,०००. त्यातून २,४०,००० वजा केले की वर्षाची बचत १,६२,०००. गाडी ७,००,००० ला. भागाकार ४.३२, म्हणजे चार वर्षं चार महिने.

गाडीच्या किमतीबद्दल एक सावधगिरी. ऑन-रोड किमतीत पहिल्या वर्षाचा विमा असतो. वार्षिक खर्चात विमा धरला असेल, तर किमतीतून तो काढून टाका, नाहीतर एकच पैसा दोनदा मोजला जातो. वरचे सात लाख विमा काढून आणि जीएसटीचं क्रेडिट वजा करून आहेत.

चार वर्षं चार महिन्यांत पैसे सुटतात आणि गाडी सहा वर्षं चालणार. मग घ्यायला हरकत काय?

परतफेडीच्या काळाची खोट इथेच आहे. चौथ्या वर्षी वाचलेला रुपया तो आजच्या रुपयाइतकाच मोजतो. आज खिशातून गेलेले सात लाख बेसनाच्या खरेदीत किंवा बँकेची लिमिट कमी करण्यात लावले असते, तर त्यावर काहीतरी सुटलंच असतं. ते या भागाकारात कुठेच दिसत नाही.

किती फरक पडतो ते बघा. समजा २६८ ऐवजी २४० च दिवस गाडी चालली. बचत १,२०,०००. परतफेड पाच वर्षं दहा महिन्यांत, म्हणजे सहा वर्षांच्या आत. परतफेडीच्या हिशेबाने गाडी पास. पण १२ टक्के दराने निव्वळ वर्तमान मूल्य काढलं, तर शेवटी गाडी विकून येणारे पैसे धरूनही ते उणे १,०५,००० येतं. एकाच गाडीला एक हिशेब पास करतो, दुसरा नापास. मी दुसऱ्याचं ऐकतो.

निव्वळ वर्तमान मूल्य म्हणजे नेमकं काय करायचं?

पुढे मिळणाऱ्या प्रत्येक वर्षाच्या बचतीची आजची किंमत काढायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यातून गाडीची किंमत वजा करायची. १२ टक्के दर असेल तर वर्षभराने मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ८९ रुपये, सहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० ची जेमतेम ५१.

सहा वर्षं दरवर्षी १ रुपया मिळणार असेल तर त्याची १२ टक्क्यांनी आजची किंमत ४.११ रुपये. आपली बचत १,६२,०००, म्हणून आजची किंमत ६,६६,०००. सहा वर्षांनी गाडी २ लाखांना विकली तर त्याचे आजचे १,०१,०००. दोन्ही मिळून ७,६७,०००. सात लाख वजा केले की उरले अधिक ६७,०००. शून्याच्या वर, म्हणजे २,४०० रुपये भाड्याशी तुलना केली तर गाडी थोडी सरस.

कॉम्प्युटरवर करायचं असेल, तर B1 मध्ये 700000 लिहा, B2 ते B6 मध्ये 162000 आणि B7 मध्ये गाडीची विक्री मिळवून 362000.

```
=NPV(12%, B2:B7) - B1
```

B1 कंसाच्या बाहेर आहे हे बघून घ्या. हे सूत्र कंसातला पहिला आकडा एक वर्षानंतरचा समजतं. गाडीचे पैसे उणे करून कंसातच टाकले तर तेही वर्षभर पुढे ढकलले जातात आणि ६७,००० च्या जागी ६०,००० दिसतात. चिन्ह बदलत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

१२ टक्केच का?

माझा नियम साधा आहे. हे सात लाख गाडीत घातले नाहीत, तर धंद्यात त्यांच्यावर काय वाचतं किंवा सुटतं ते बघायचं. काका कॅश क्रेडिट वापरतात आणि हरभऱ्याच्या हंगामात रोखीने माल उचलला की त्यांना थोडी सूट मिळते. दोन्ही बघून १२ ठरवले. मुदत ठेवीचा दर लावू नका. धंद्याचा पैसा ठेवीत बसलेला नसतो आणि गाडीची जोखीमही ठेवीसारखी नसते.

१५ टक्के लावले तर हाच हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. म्हणजे ही गाडी वर्षाला साधारण १५ टक्के सुटण्याएवढी आहे, त्याहून जास्त नाही.

कर्ज काढून घेतली तर हप्ता खर्चात धरायचा ना?

या हिशेबात धरायचा नाही. १२ टक्के दर लावला तेव्हाच पैशाचं व्याज मोजून झालं. वर हप्ताही वजा केला तर व्याज दोनदा मोजलं जातं आणि चांगली गाडीही वाईट दिसते. समोर येणाऱ्या दहा हिशेबांपैकी निम्म्यांत मला ही चूक सापडते.

हप्ता वेगळ्या कागदावर मांडायचा, कारण तिथला प्रश्न वेगळा आहे: महिना निघेल का? गाडीच्या किमतीतले १,४०,००० रोख आणि ५,६०,००० चं कर्ज चार वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता साधारण १४,५०० येतो. वर्षाचे १,७४,०००. बचत १,६२,०००. म्हणजे पहिली चार वर्षं दरवर्षी १२,००० रुपये घरून घालायचे, शिवाय सुरुवातीचे रोख वेगळे. निव्वळ मूल्य शून्याच्या वर असूनही हात तंग राहू शकतो, तो असा.

आयकर आणि जीएसटीचं काय?

तुमचं विवरणपत्र अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत जात असेल, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवत असाल, तर गाडी घेतल्याने आयकर एक रुपयाही बदलत नाही. घसाराही त्या टक्क्यांत आलेलाच धरतात. 'गाडी घे, टॅक्स वाचेल' हा सल्ला अशा माणसाच्या काही कामाचा नाही.

पूर्ण वह्या ठेवत असाल तर स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीवर १५ टक्के घसारा मिळतो. ३० टक्के हा दर भाड्याने चालवण्याच्या धंद्यातल्या गाड्यांना आहे, तो ऐकून हुरळू नका. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच, म्हणून दिवाळीनंतर घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी अर्धाच मिळतो. आणि बचतीतून कर वजा केलात, तर दरही कर वजा जाताचाच घ्या. एक बाजू करानंतरची आणि दुसरी कराआधीची, असं मिसळू नका.

जीएसटीचा फरक याहून मोठा आहे. मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट नेहमीच्या नोंदणीत मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही आणि सप्टेंबर २०२५ पासूनचा १८ टक्के कर तुमच्या किमतीतच बसतो. गाडी त्यामुळे लाखभराने महाग पडली, तर वरचे ६७,००० एका झटक्यात उणे होतात.

जुनी गाडी दोन लाखांना विकली जाईल कशावरून?

खात्री नाहीच, म्हणून मी हा प्रश्न उलटा विचारतो: निदान किती आले नाहीत तर हिशेब तुटतो? उत्तर ६७,०००. त्याहून कमी आले तर गाडी तोट्यात. (निव्वळ मूल्यही ६७,००० आणि हेही ६७,०००, हा निव्वळ योगायोग आहे. गल्लत करू नका.)

याचाच दुसरा अर्थ काकूंच्या आधी लक्षात आला. बचतीची आजची किंमत ६,६६,००० आहे, म्हणजे व्याज धरलं तर सहा वर्षं धावूनही नुसत्या बचतीतून सात लाख सुटत नाहीत. हिशेब पूर्ण होतो तो गाडी विकल्यावर. म्हणून मागचा पत्रा सडेपर्यंत खारट तेलकट क्रेट तसेच कोंबणाऱ्यांनी दोन लाख धरू नयेत.

ड्रायव्हर ठेवायचाच नाही. भाचा घरीच आहे, तो चालवेल.

भाच्याचा पगार शून्य धरायचा असेल, तर तो आज रिकामा बसतो हे आधी मान्य करा. तो दुकानात बसत असेल, उधारी आणत असेल, तर ते काम आता कोण करणार आणि त्याला किती द्यावे लागणार, तो आकडा लिहा. शिवाय भाचा सहा वर्षं उज्जैनच्या फेऱ्या मारणार नाही. लग्न ठरलं की पहिली रजा तिथूनच सुरू होते.

भाडं तर दरवर्षी वाढतं. ते कुठे धरलं?

भाडं वाढतं तसं डिझेल आणि पगारही वाढतात, कारण भाडं त्यांच्यामुळेच वाढतं. सगळं सारख्या टक्क्यांनी वाढलं तर बचतही तेवढीच वाढते आणि गाडी जरा बरी दिसते. दुसऱ्या बाजूला, चौथ्या वर्षानंतर दुरुस्ती १५० रुपयांत भागत नाही आणि १२ दिवसांचे २० दिवस होतात. मी दोन्ही सोडून देतो आणि बचत सपाट ठेवतो. फक्त भाडं वाढवून खर्च तसेच ठेवणारा तक्ता घेऊन कोणी आलं, आणि गाडी विकणारा तोच तक्ता घेऊन येतो, तर तो बाजूला ठेवा.

एवढं करून गाडी सरस ठरली. मग काकांनी घेतली का?

नाही. मी त्यांना एकच विचारलं, "काका, २,४०० हा भाव ठरवला कुणी?" लोडिंगवाल्याला रोज सकाळी फोन करायचा आणि तो सांगेल ते द्यायचं, असं तीन वर्षं चाललं होतं. महिन्याची बंधी, म्हणजे ठरावीक दिवसांची हमी देऊन बांधून घेतलेला भाव, कधी मागितलीच नव्हती.

किती भाड्यापर्यंत गाडी परवडते ते आधी काढलं. निव्वळ मूल्य शून्यावर यायला वर्षाला १,४५,६०० ची बचत लागते. त्यात २,४०,००० मिळवले, २६८ ने भागलं, दिवसाचे ९०० मिळवले: साधारण २,३४०. म्हणजे भाड्यात दिवसाला साठ रुपये सुटले की गाडीची बाजू पडली. मी स्वतः हा आकडा निदान दीडशेचा धरून चाललो होतो.

लोडिंगवाल्याला महिन्याला २३ दिवसांची हमी आणि पंधरवड्याला पैसे असं सांगितलं. तो २,३०० वर आला. त्या भावाशी तुलना केली तर गाडीचं निव्वळ मूल्य उणे ४३,०००. गाडीची तुलना आज देत असलेल्या भाड्याशी करू नये, मागून मिळू शकणाऱ्या भाड्याशी करावी, हे मी त्या दिवसापासून आधी विचारायला लागलो.

पण स्वतःच्या गाडीचा निवांतपणा? भाड्याचा माणूस उशिरा येतो, क्रेट हरवतो, चिवड्याचा चुरा करतो.

त्याला किंमत आहे, पण ती गाडीच्या बाजूने हवेत धरू नका. उणे ४३,००० ला सहा वर्षांच्या ४.११ ने भागलं की वर्षाला साधारण १०,४०० येतात, महिन्याला ८७० रुपये. आता प्रश्न सोपा झाला: वेळेवर माल पोचणं आणि क्रेट परत येणं महिन्याला ८७० रुपयांचं आहे का?

काकू लगेच म्हणाल्या, "मला तर हजाराचं आहे." काका म्हणाले, हप्ता कोण भरणार? २,३०० च्या हिशेबाने बचत १,३५,००० उरते आणि हप्ता १,७४,०००, म्हणजे वर्षाला ३९,००० खिशातून. दोघंही बरोबर होते. शेवटी बंधीच्या चिठ्ठीवर क्रेटची भरपाई आणि सकाळी सातची वेळ लिहून घेतली आणि एक वर्ष थांबायचं ठरलं.

मग परत हिशेब कधी मांडायचा?

२,३०० भावाने गाडीला वर्षाला २७६ दिवस धावावं लागेल. बंद राहणारे १२ धरून २८८, म्हणजे महिन्याला २४ फेऱ्या. काकू पावत्यांची वही ठेवतात. दिवाळीचे दोन महिने सोडून सलग तीन महिने २४ च्या वर दिसले, किंवा लोडिंगवाल्याने २,३४० च्या वर मागितले, की तोच तक्ता उघडून B2 पासून आकडे बदलायचे. गेल्या महिन्यात वहीत २३ होते.